फॉरवर्ड होऊन आलेला व्हॉइस मेसेज: वेग बदलत नाही, मजकूर उमटत नाही, डाउनलोड अडतो

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून येते: सोसायटीचा, शाळेचा किंवा नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कोणीतरी लांबलचक बोलून ठेवतं, ते पुढे ढकललं जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे पोहोचेपर्यंत काहीतरी बिनसतं. एकाला दीडपट वेगाचं बटण सापडत नाही, दुसऱ्याला मजकुराऐवजी भलतंच वाचायला मिळतं, तिसऱ्याकडे तो उतरतच नाही. लक्षणं वेगळी असली तरी आधी एकच गोष्ट पाहायची: तुमच्यापर्यंत आलंय ते नेमकं काय?

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर ३ मिनिटं ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकला. गुरुवारी टाकी साफ होणार, पाणी साडेनऊ ते दीड बंद, वर्गणी अडीचशे रुपये, काल ज्यांनी पैसे दिले त्यांनी उद्या पावती न्यावी. एका सभासदाने तो घरच्या ग्रुपवर पाठवला, तिथून तो भाडेकरूंकडे गेला आणि मग अडचणी सुरू झाल्या.

आधी चिन्ह बघा: माइक की हेडफोन

माइकचं बटण दाबून बोललेलं जे जातं तो व्हॉइस मेसेज. त्याच्यासोबत माइकचं छोटं चिन्ह आणि आवाजाची लाटांसारखी रेघ दिसते. ॲपच्या बाहेरून, म्हणजे फाइल मॅनेजर, ईमेल किंवा दुसऱ्या ॲपमधून Share करून जे येतं ती ऑडिओ फाइल, आणि तिच्यावर हेडफोनचं चिन्ह असतं. आत आवाज तोच असला तरी ॲप या दोघांना वेगळी वागणूक देतं.

घोळ होतो तो फॉरवर्डमध्ये. ॲपच्या आवृत्तीनुसार फॉरवर्ड केलेला व्हॉइस मेसेज कधी माइकसकट पोहोचतो, कधी साध्या ऑडिओसारखा दिसतो. म्हणून ‘मी तर व्हॉइस मेसेजच पाठवला होता’ यावर विसंबू नका, घेणाऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते विचारा. अँड्रॉइडवर फाइलच्या नावावरूनही खूण पटते. मूळ व्हॉइस मेसेजचं नाव `PTT-20250612-WA0007.opus` अशा धर्तीचं असतं. नाव `AUD-` ने सुरू होत असेल पण शेवटी `.opus` असेल, तर ते बहुधा कोणाचं तरी बोलणंच आहे, फक्त वाटेत ‘ऑडिओ’ झालेलं. `.mp3` किंवा `.m4a` असेल तर ते बाहेरून आलेलं आहे किंवा कोणीतरी रूपांतर केलेलं आहे.

फाइली कुठे असतात तेही सांगून ठेवतो, कारण पुढे लागेल. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनमध्ये:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Audio
```

पहिल्या फोल्डरच्या आत वर्ष आणि आठवड्याच्या क्रमांकाचे उपफोल्डर असतात, त्यामुळे तारखेवरून शोधणं सोपं जातं. आयफोनवर असं फोल्डर उघडून बघता येत नाही. तिथे मेसेज दाबून धरायचा, Forward निवडायचं, मग शेअरचं चिन्ह आणि Save to Files.

वेगाचं बटण सापडत नाही

बटण असतं, पण मेसेज वाजत असतानाच दिसतं. वाजायला लागला की पाठवणाऱ्याच्या फोटोच्या जागी 1× येतं. त्यावर एकदा टॅप केलं की 1.5×, पुन्हा केलं की 2×, आणि तिसऱ्यांदा पुन्हा 1×. मेसेज थांबवून बटण शोधणारे बरेच जण असतात, आणि ‘माझ्याकडे ही सोयच नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात.

ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०२१ साली आली. मार्च २०२२ मध्ये कंपनीने व्हॉइस मेसेजमधल्या सुधारणांची यादी जाहीर केली, तेव्हा फॉरवर्ड केलेले मेसेजही वेगाने ऐकता येतील असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यामुळे माइकचं चिन्ह असूनही वाजताना बटण येत नसेल, तर ॲप जुनं आहे असं समजून आधी अपडेट करा. चिन्ह हेडफोनचं असेल आणि बटण मिळत नसेल, तर त्या फाइलच्या मागे लागू नका. ती VLC मध्ये उघडा. VLC ला `.opus` चालतं आणि वेग बारीक टप्प्यांनी बदलता येतो, अगदी 1.2× सुद्धा.

वेग वाढला तरी आवाज उंदरासारखा चिरका होत नाही, कारण ॲप टेप भरभर फिरवल्यासारखं करत नाही. ते आवाजाचे अगदी छोटे तुकडे करतं, त्यातले काही गाळतं आणि उरलेले एकमेकांवर थोडे चढवून जोडतं. स्वराची पट्टी तशीच राहते, पण ज्याचा उच्चार क्षणभराचा असतो ते व्यंजन चेपलं जातं. त्यात व्हॉइस मेसेज मुळातच खूप दाबलेला असतो. ओपस या पद्धतीने तो एका मिनिटाला साधारण दीडशे केबीच्या आसपास बसवलेला असतो. आपल्या उदाहरणातला मेसेज 1.5× वर सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांत आणि 2× वर १ मिनिट ५० सेकंदांत संपतो. गप्पांसाठी 2× ठीक आहे. रक्कम, वेळ किंवा फोन नंबर असलेला भाग मात्र 1× वरच ऐका. ‘साडेनऊ’ मधला ‘साडे’ हुकला की अर्ध्या तासाचा घोळ होतो, आणि इथे तर नळाच्या पाण्याचा प्रश्न आहे.

एकदा 2× ठेवला की पुढचा मेसेजही त्याच वेगाने सुरू होतो. ‘मावशी आज एवढ्या घाईत का बोलतेय’ असं वाटलं तर मावशीला विचारण्याआधी बटण बघा.

आवाज एकदम बारीक येतो, स्क्रीन काळी पडते

हा दोष मेसेजचा नाही. फोनच्या वरच्या कडेला, कानाशी लावायच्या जागेजवळ, एक सेन्सर असतो. फोन कानाला लावला असं त्याला वाटलं की आवाज मोठ्या स्पीकरवरून काढून कानाच्या छोट्या स्पीकरवर टाकला जातो आणि स्क्रीन बंद होते. जाड टेम्पर्ड ग्लास, फ्लिप कव्हर किंवा काचेखाली साचलेली धूळ यांनी सेन्सर फसतो. काच पुसा, कव्हर काढून पाहा. तरीही तसंच होत असेल तर इअरफोन लावून ऐका, मग सेन्सरचा संबंधच उरत नाही. अजिबातच आवाज नसेल तर ब्लूटूथ बंद करून बघा. खाली पार्किंगमधल्या गाडीला किंवा दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरला फोन जोडलेला राहतो आणि मेसेज तिकडे वाजतो.

मजकूर उमटत नाही, किंवा भलताच उमटतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर.

व्हॉट्सॲपने बोलण्याचा मजकूर करून देण्याची सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. ती चालू करायची जागा: Settings → Chats → Voice message transcripts. तिथे बटण चालू करून भाषा निवडायची. निवडलेल्या भाषेचा संच फोनवर उतरवला जातो, त्यामुळे तेवढ्यापुरतं इंटरनेट आणि फोनमध्ये थोडी मोकळी जागा लागते. मग आलेला मेसेज दाबून धरायचा आणि Transcribe निवडायचं. मजकूर मेसेजच्या खाली येतो.

हे काम तुमच्याच फोनवर होतं. बोलणं मजकुरासाठी कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही, आणि तुम्ही मजकूर केलात हे पाठवणाऱ्याला कळत नाही. मजकूरही त्याला दिसत नाही. यातून फॉरवर्डसंबंधीचा एक मुद्दा निघतो: मेसेज पुढे पाठवला की आवाज जातो, मजकूर जात नाही. तुमच्याकडे नीट मजकूर उमटला म्हणजे पुढच्या माणसाकडेही उमटेल असं नाही. त्याच्या फोनवर सोय चालू आहे का, भाषा कोणती निवडली आहे, यावर ते ठरतं. मजकूर पाठवायचा असेल तर तो कॉपी करून वेगळा पाठवावा लागतो.

‘Transcript unavailable’ असं आलं तर कारणं साधारण तीन असतात. निवडलेली भाषा आणि बोललेली भाषा जुळत नाही. मागे गोंगाट आहे, त्यामुळे शब्द ओळखता आले नाहीत. किंवा ती भाषा यादीतच नाही. चिन्ह हेडफोनचं असेल तर मजकुराचा पर्यायच येणार नाही, कारण ही सोय व्हॉइस मेसेजसाठी आहे.

मराठी बोलणाऱ्यांची अडचण तिसऱ्या कारणात आहे. भाषांची यादी अँड्रॉइड आणि आयफोनवर वेगवेगळी आहे. अँड्रॉइडवर इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन यांच्यासोबत हिंदी आली, पण मराठी त्या यादीत नव्हती. अपडेटमध्ये यादी बदलते, म्हणून तुमच्या फोनवरची यादी उघडून खात्री करा. तिथे मराठी दिसली तर हा भाग तुमच्यासाठी संपला.

मराठी नसेल तर बरेच जण हिंदी निवडतात, ‘लिपी तर तीच आहे’ असा विचार करून. हे करू नका. चूक उघड दिसली तर माणूस सावध होतो, पण हिंदी लावल्यावर मराठी बोलण्यातून जे निघतं ते देवनागरीत असतं, त्यातले निम्मे शब्द ओळखीचे असतात आणि वाक्य वाचण्यासारखं वाटतं. ओळखणारी प्रणाली ऐकलेल्या आवाजाला तिच्या शब्दसंग्रहातला सर्वांत जवळचा शब्द चिकटवते. हिंदीत दीड नाही, डेढ आहे. अडीच नाही, ढाई आहे. म्हणजे सेक्रेटरींच्या मेसेजमधली पाणी बंद असण्याची वेळ आणि वर्गणी या दोन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींसाठी प्रणालीकडे नेमका शब्दच नाही. ‘काल’चं ‘कल’ होण्याचा धोका आणखी वाईट, कारण हिंदीतला कल कालचाही असतो आणि उद्याचाही. ‘काल ज्यांनी पैसे दिले त्यांनी उद्या पावती न्यावी’ या वाक्याचं मग काय उरतं, तुम्हीच पाहा.

मराठी मेसेजचा मजकूर खरंच हवा असेल, समजा ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी, तर एक सरळ मार्ग आहे. त्याला दोन फोन लागतात. दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर गूगलचं Live Transcribe उघडा, भाषा मराठी निवडा आणि पहिल्या फोनवर मेसेज स्पीकरवर वाजवा. दोन फोनमध्ये एक-दीड फुटाचं अंतर ठेवा, पंखा बंद करा आणि वेग 1× वरच असू द्या. व्हॉट्सॲपची स्वतःची सोय फाइलवरून मजकूर करते, तिला तुम्ही कोणत्या वेगाने ऐकताय याच्याशी देणंघेणं नसतं. इथे मात्र दुसरा फोन माइकमधून प्रत्यक्ष ऐकत असतो, त्यामुळे 2× वर लावलं तर तो चेपलेलंच ऐकेल. आकडे तरीही कानाने तपासा.

फॉरवर्ड झाल्यावर काय बदलतं, काय नाही

व्हॉट्सॲपमध्ये Forward केल्यावर मूळ बोलणाऱ्याचं नाव किंवा नंबर पुढे जात नाही. पुढच्याला तुमचं नाव आणि वर Forwarded एवढंच दिसतं. मूळ बोलणाऱ्याला कळवलंही जात नाही. आवाज मात्र त्याचाच असतो, तेव्हा ‘नाव थोडंच दिसतंय’ या भरवशावर कोणाचं खाजगी बोलणं पुढे पाठवण्यात अर्थ नाही.

निळ्या माइकबद्दलही गोंधळ असतो. घेणाऱ्याने ऐकलं की पाठवणाऱ्याकडचा माइक निळा होतो. ग्रुपमध्ये सगळ्यांनी ऐकल्यावरच होतो. निळ्या टिक बंद करून ठेवल्या तरी माइकची ही खूण बंद होत नाही. पण ती त्या-त्या प्रतीपुरती असते. भाडेकरूने फॉरवर्ड झालेली प्रत ऐकली, तर सेक्रेटरींना त्याचा पत्ता लागत नाही. ‘सगळ्यांनी ऐकलं का’ हे त्यांना ग्रुपमधल्या मूळ मेसेजवरूनच समजणार. तो मेसेज दाबून Info पाहिलं की कोणी ऐकलं त्यांची नावं मिळतात.

आता मर्यादा. फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा भारतात जुलै २०१८ पासून आहे, जगभर ती जानेवारी २०१९ मध्ये आली. एप्रिल २०२० पासून, जो मेसेज पाच किंवा अधिक चॅटच्या साखळीतून आला आहे तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. अशा मेसेजवर दुहेरी बाण आणि Forwarded many times असं दिसतं. एकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाहून जास्त ग्रुपवर टाकता येत नाही, हा नियम २०२२ पासूनचा. म्हणजे भाडेकरूला तोच मेसेज तीन ग्रुपवर एकदम टाकता आला नाही, तर फोन बिघडलेला नाही. मेसेज मूळ स्वरूपात हवा असेल तर सेक्रेटरींच्या ग्रुपमधून ज्याने थेट घेतला त्याच्याकडून घ्या. फाइल सेव्ह करून नव्याने पाठवण्याची युक्ती चालते, पण तिने Forwarded ही खूण पुसली जाते आणि मेसेज पहिल्यांदाच पाठवल्यासारखा दिसतो. सूचना महत्त्वाची असेल तर ती युक्ती न केलेलीच बरी, सरळ चार ओळी टाइप करा.

मूळ माणसाने नंतर ‘Delete for everyone’ केलं तरी फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. सेक्रेटरींनी वेळ चुकीची सांगितली आणि मेसेज काढून दुरुस्त केला, तरी घरच्या ग्रुपवर गेलेला चुकीचा मेसेज तिथे वाजतच राहणार. दुरुस्ती पाठवताना म्हणूनच ‘टाकी सफाई, दुरुस्त सूचना’ असं लेखी पाठवा आणि ज्याने आधीचा पुढे पाठवला त्याला ही पण पाठवायला सांगा. ‘एकदाच’ ऐकता येणारा मेसेज, ज्यावर 1 चं चिन्ह असतं, तो मात्र फॉरवर्ड होतच नाही. तो पर्यायही डिसेंबर २०२३ मधला आहे.

डाउनलोड होत नाही, किंवा ‘फाइल नाही’ असं येतं

व्हॉइस मेसेज नेहमी आपोआप उतरतो, मीडिया ऑटो-डाउनलोड बंद असलं तरी. ऑडिओ फाइलला मात्र ते सेटिंग लागू होतं. म्हणून हेडफोनचं चिन्ह असलेल्यावर खालच्या दिशेचा बाण दिसत असेल तर तो दाबावा लागणार, त्यात बिघाड नाही.

बाण दाबूनही उतरत नसेल, आणि फोटो वगैरे बाकी सगळं नीट येत असेल, तर फाइल सर्व्हरवरून गेलेली असण्याची शक्यता जास्त. फॉरवर्ड करताना फोन आवाज दर वेळी नव्याने चढवत नाही. कुलूपबंद फाइल सर्व्हरवर तात्पुरती ठेवलेली असते आणि पुढच्याला तिचा पत्ता व किल्ली मिळते. म्हणून तर लांब मेसेजही क्षणात पुढे जातो. पण जुना मेसेज आज उघडायला गेलात आणि फाइल तिथून काढलेली असेल, तर किल्ली असून कपाट रिकामं. ज्याच्या फोनवर तो मेसेज अजून वाजतो त्याने तो पुन्हा पाठवायला हवा. तुमच्याकडून कितीही वेळा दाबून उपयोग नाही.

आधी वाजत असलेला मेसेज अचानक ‘Sorry, this media file doesn't exist on your internal storage’ म्हणत असेल, तर फाइल तुमच्याच फोनमधून पुसली गेली आहे. संशयित नंबर एक म्हणजे ‘क्लीनर’ ॲप. छोट्या-छोट्या `.opus` फाइली त्यांना कचरा वाटतात. वर दिलेल्या Voice Notes फोल्डरमध्ये त्या तारखेची फाइल आहे का बघा. फोनच्या फाइल्स ॲपमधल्या Trash मध्येही शोधा. नसेल तर पुन्हा मागवा, आणि क्लीनरला त्या फोल्डरपासून लांब ठेवा.

व्हॉट्सॲपबाहेर पाठवलेला उघडत नाही

ऑफिसच्या ईमेलवर किंवा जुन्या संगणकावर `.opus` ला बरेच प्लेअर ओळखत नाहीत. फाइल खराब नसते. VLC मध्ये वाजली तर ती ठीक आहे असं समजा. समोरच्याकडे VLC टाकण्याची परवानगी नसेल तर एमपी३ करून द्या. त्यासाठी ffmpeg हा रूपांतराचा प्रोग्रॅम संगणकावर टाकून टर्मिनलमध्ये ही ओळ चालवा:

```
ffmpeg -i PTT-20250612-WA0007.opus -c:a libmp3lame -b:a 64k suchana.mp3
```

बोलण्यासाठी ६४ केबीपीएस पुरेसे आहेत. त्याहून वर नेलं तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही, कारण मूळ फाइलमध्ये तेवढा तपशीलच नसतो. मूळ `.opus` मात्र पुसू नका. हीच एमपी३ परत व्हॉट्सॲपवर टाकलीत तर ती हेडफोनच्या चिन्हासह जाईल, आणि मजकुराचा पर्याय तिच्यावर मिळणार नाही.

टेलिग्राम वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मूळ पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. ते नको असेल तर ज्याचा आवाज आहे त्याने Settings → Privacy and Security → Forwarded Messages मध्ये जाऊन आपल्या खात्याकडे जाणारा दुवा बंद करायचा, किंवा पाठवणाऱ्याने फॉरवर्ड करताना नाव लपवण्याचा पर्याय निवडायचा. मजकुराची सोय तिथे प्रीमियम सदस्यांसाठी जून २०२२ मध्ये आली, आणि ती फोनवर न होता सर्व्हरवर होते. घरातलं किंवा पैशांचं बोलणं असेल तर मजकुराचं बटण दाबण्याआधी हा फरक ध्यानात घ्या.